मूळव्याधीच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदा शौचाला जाताना

मूळव्याधीचे कोंब कापून काढल्यावर गुदद्वाराशी उघडी जखम राहते. पहिल्यांदा शौचाला बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते, आणि तेव्हा दुखतेच. त्या भीतीने रुग्ण शौच दाबून धरतो किंवा जेवणच तोडतो. नुकसान होते ते इथेच, कारण थांबलेला मल कोरडा आणि कडक होऊन जखमेवर घासतो.

म्हणून वेदनाशामक गोळी दुखू लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांनी दिलेल्या वेळेलाच घ्यावी. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी मात्र बद्धकोष्ठता होते. त्यांच्या जोडीला मल मऊ करणारे औषध लागते. इसबगोल पेलाभर पाण्यासोबत घ्यावा, कमी पाण्यात तो उलट अडतो. भाकरी, पालेभाजी, मुगाची आमटी चालते. तिखट काही दिवस टाळावे. शौचानंतर टबातल्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बसले की आवळलेला स्नायू सैलावतो.

कागदावर थोडे रक्त दिसणे नेहमीचे. पण रक्ताची धार, गुठळ्या, ताप, लघवी अडणे किंवा वाढत जाणारी वेदना दिसल्यास लगेच रुग्णालय गाठावे. जोराचा रक्तस्राव आठवडा-दीड आठवड्यानंतरही, सगळे ठीक वाटत असताना, होऊ शकतो.