गाठीत कॅन्सर किती?

स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा सीटी स्कॅन पाहताना एक गोष्ट नवख्यालाही दाखवता येते. शिरेतून दिलेलं काँट्रास्ट रक्ताबरोबर फिरतं, त्यामुळे निरोगी स्वादुपिंड स्कॅनवर उजळतं. गाठ मात्र सहसा काळपटच राहते, कारण तिथे रक्त कमी पोचतं. केमोचं औषधही रक्तातूनच जातं. हा कॅन्सर केमोला का दाद देत नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा एक धागा त्या काळपट डागातच असतो.

त्याच गाठीचा तुकडा पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात तेव्हा दिसतं ते आणखी चकित करणारं असतं. सगळीकडे गुलाबी तंतूंची दाट जाळी आणि त्यात इकडेतिकडे विखुरलेले कॅन्सरच्या पेशींचे छोटे पुंजके. अनेक गाठींमध्ये निम्म्याहून जास्त भाग, काहींत तर ८० ते ९० टक्के, कॅन्सरचा नसतोच. म्हणून तर कधीकधी सुई गाठीतच घालूनही नमुन्यात पुरेशा कॅन्सरपेशी येत नाहीत आणि बायोप्सी पुन्हा करावी लागते. नातेवाइकांना तो डॉक्टरांचा हलगर्जीपणा वाटतो, पण पुष्कळदा दोष गाठीच्या घडणीचा असतो.

ही जाळी विणणाऱ्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात. आपल्याला जखम झाली की त्याच धावून येतात, कोलॅजेनचे तंतू टाकतात, जखम भरली की शांत होतात. कॅन्सरच्या पेशी मात्र त्यांना सतत रासायनिक निरोप धाडत राहतात, त्यामुळे त्यांचं काम थांबतच नाही. कोलॅजेनबरोबर हायल्युरोनन नावाचा बुळबुळीत पदार्थही साठतो. तो पाणी धरून ठेवतो, फुगतो, आणि गाठीच्या आतला दाब इतका वाढतो की बारीक रक्तवाहिन्या चेपून जातात. रोगप्रतिकारक पेशी तिथे नसतात असं नाही. पण कॅन्सरला मारू शकणाऱ्या टी-पेशी बहुतेक वेळा कडेच्या तंतूंतच अडकून पडतात, आणि आत गर्दी होते ती त्यांना दटावून गप्प बसवणाऱ्या पेशींची. फायब्रोब्लास्ट, वाहिन्या आणि प्रतिकारक पेशींच्या या सगळ्या वस्तीला मिळून गाठीचं सूक्ष्म-पर्यावरण म्हणतात.

मग ही जाळीच काढून टाकली तर? हा प्रश्न २००९ साली ब्रिटनमधल्या केंब्रिजच्या संशोधकांनी उंदरांवर तपासला. त्यांच्याकडे दोन प्रकारचे उंदीर होते. एका प्रकारात कॅन्सरच्या पेशी बाहेरून टोचून गाठ वाढवलेली. दुसऱ्या प्रकारात जनुकांत बदल केल्यामुळे उंदराच्या स्वतःच्या स्वादुपिंडातच, माणसासारखी जाळीदार गाठ उगवलेली. जेमसिटाबिन हे नेहमीचं केमोऔषध टोचलेल्या गाठींवर चाललं, आपोआप उगवलेल्या गाठींवर मात्र फारसं चाललं नाही. टोचलेल्या गाठींत रक्तवाहिन्या भरपूर होत्या, उगवलेल्यांत विरळ. नवी औषधं वर्षानुवर्षं टोचलेल्या गाठींवर पारखली जात होती. उंदरांत गुण देणारी इतकी औषधं रुग्णांमध्ये का फसली, याचं एक कारण इथे सापडतं.

कॅन्सरच्या पेशी फायब्रोब्लास्टना कामाला लावतात त्यातला एक निरोप ‘हेजहॉग’ नावाच्या प्रथिनाचा असतो. संशोधकांनी तो अडवणारं औषध जेमसिटाबिनच्या जोडीला दिलं. जाळी विरळ झाली, वाहिन्या वाढल्या, गाठीत जास्त केमो पोचली आणि उंदरांचं आयुष्य दुपटीहून अधिक वाढलं. आयुष्य मोजलं होतं ते दिवसांत, पण दिशा सापडल्यासारखी वाटली. लगेच रुग्णांवर चाचणी सुरू झाली.

२०१२च्या जानेवारीत ती चाचणी थांबवावी लागली. नवं औषध मिळालेले रुग्ण नुसत्या जेमसिटाबिनवरच्या रुग्णांपेक्षा लवकर दगावत होते.

असं का झालं, याचं बरंचसं उत्तर २०१४ साली दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दिलं. एकीने उंदरांच्या गाठीतून हेजहॉगचा निरोपच काढून टाकला, दुसरीने तंतू विणणारे फायब्रोब्लास्ट मारून टाकले. दोन्हींकडे जाळी कमी झाली आणि दोन्हींकडे कॅन्सर अधिक आक्रमक झाला. म्हणजे ती जाळी कुंपणासारखी होती. बाहेरच्या औषधाला आत येऊ देत नव्हती हे खरं, पण आतल्या कॅन्सरलाही बरंचसं आवरून धरत होती. मोडतोड करायला निघालेल्यांनी अर्धंच गणित मांडलं होतं. पण त्याच प्रयोगांत आणखी एक धागा मिळाला. जाळी विरळ झालेल्या एका गटात नव्या वाहिन्या रोखणाऱ्या औषधाने, तर दुसऱ्या गटात टी-पेशींचा ब्रेक सोडवणाऱ्या औषधाने उंदीर जास्त जगले. भोवताल बदलला की कोणतं औषध लागू पडेल, तेही बदलतं.

पुढे कळलं की फायब्रोब्लास्ट ही एकजिनसी जमातच नाही. २०१७ साली त्यांचे दोन प्रकार ओळखले गेले. कॅन्सरपेशींना खेटून असलेले मुख्यतः तंतू विणतात. थोडे दूर असलेले इंटरल्युकिन-६ सारखी दाहकारक रसायनं सोडतात. सरसकट सगळ्यांना झोडपणं का अंगाशी आलं असेल, याचा अंदाज यावरून येतो.

तोवर दुसरी एक चाचणी बरीच पुढे गेली होती. तिच्यात फायब्रोब्लास्टना हात न लावता फक्त हायल्युरोनन विरघळवणारं एन्झाइम द्यायचं होतं. बायोप्सीत हायल्युरोनन भरपूर असलेलेच रुग्ण निवडले होते, त्यामुळे आशा रास्त होती. एन्झाइम मिळालेल्यांपैकी ४७ टक्के रुग्णांची गाठ आटली, न मिळालेल्यांपैकी ३६ टक्क्यांची. पण आयुष्य दोन्ही गटांत सारखंच, सुमारे ११ महिने. माझ्या मते या चाचणीचा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे. स्कॅनवर गाठ लहान दिसणं आणि रुग्ण जास्त जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘गाठ निम्मी करणारं औषध’ अशी बातमी वाचताना हे लक्षात ठेवावं.

इम्युनोथेरपीचंही तसंच. पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधं टी-पेशींवरचा ब्रेक काढतात, पण टी-पेशीच आत नसतील तर ब्रेक काढून चालणार कोण? स्वादुपिंडाच्या बहुतेक रुग्णांना म्हणूनच त्यांचा उपयोग होत नाही. अपवाद सुमारे एक टक्का रुग्णांचा. त्यांच्या कॅन्सरमध्ये डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते. त्यामुळे चुकीची प्रथिनं भरपूर तयार होतात आणि टी-पेशींना शत्रू ओळखणं सोपं जातं. असा बिघाड असलेल्या वेगवेगळ्या अवयवांच्या कॅन्सरवर पेम्ब्रोलिझुमॅबची एक मोठी चाचणी झाली. तिच्यात एकूण ३४ टक्के रुग्णांची गाठ आटली, गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरमध्ये ५७ टक्क्यांची. स्वादुपिंडाच्या २२ रुग्णांपैकी मात्र फक्त चौघांची. आकडा लहान आहे, त्यावरून ठाम काही सांगता येत नाही. पण बिघाड तोच, औषधही तेच, आणि गुण इतका कमी, तेव्हा संशय भोवतालावरच जातो.

तरीही त्या चौघांना गुण आला हे खरं. घरात कुणाला हा आजार निघाला असेल, तर बायोप्सीच्या नमुन्यावर एमएसआय किंवा एमएमआर तपासणी झाली आहे का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. झाली नसेल तर शक्यतो पहिली केमो सुरू होण्याच्या सुमारासच करून घ्या.