चौकशी ते चावी: दलालाचं एक पानी पत्रक

पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जुन्या फ्लॅटची खरेदी-विक्री जुळवून देणाऱ्या एकट्या एजंटाच्या फोनमध्ये 'धायरी टूबीएचके बहुतेक घेतील' किंवा 'नऱ्हे भाड्याचे नंतर विकत' अशा नावांनी नंबर साठवलेले सापडतात. कोणाला कधी फोन करायचा हे व्हॉट्सअ‍ॅपच्या गप्पांत, डायरीच्या मागच्या पानावर आणि बरंचसं डोक्यात असतं. पंधरा-वीस चौकशा असतील तोवर हे निभतं. पोर्टलवर चार जाहिराती टाकल्या, सोसायटीच्या वॉचमननं दोन माणसं पाठवली आणि जुन्या ग्राहकानं मेहुण्याचा नंबर दिला की आकडा साठावर जातो. मग ज्याचा फोन येतो त्याचंच काम होतं. जो गप्प असतो तो दुसऱ्या एजंटाकडे घर घेऊन मोकळा होतो.

यावर महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. गूगल शीट्समधलं एक पान पुरतं. एका ग्राहकाला एक ओळ आणि दहा रकाने: चौकशीची तारीख, नाव, मोबाईल, कुठून आला, काय हवंय, टप्पा, टप्पा बदलल्याची तारीख, पुढची तारीख, पुढचं काम आणि नोंद. 'काय हवंय' यात भाग, खोल्या आणि बजेट एवढंच लिहायचं. नोंदीच्या रकान्यात सासूबाईंना तळमजला नको, मुलाची शाळा वारज्यात, असल्या गोष्टी येतात. पुढच्या फोनला त्याच उपयोगी पडतात.

पत्रकाचा कणा म्हणजे टप्प्याचा रकाना. बहुतेक जण तिथे 'गरम', 'थंड', 'इंटरेस्टेड' असं लिहितात आणि तिथेच पत्रक फसतं. 'गरम' हे एजंटाचं मत झालं. महिनाभरानं ते कशावरून ठरवलं होतं हे त्यालाही आठवत नाही. त्यापेक्षा ग्राहकानं प्रत्यक्ष काय केलं त्यावर टप्पा ठरवावा. त्यानं विचारलं, एवढंच झालं असेल तर 'चौकशी'. फोनवर बजेट आणि भाग स्पष्ट सांगितला तर 'बोलणं'. फ्लॅट पाहून गेला तर 'भेट'. तोंडी का होईना, आकडा सांगितला तर 'ऑफर'. पैसे दिले तर 'टोकन'. दुय्यम निबंधक कार्यालयात करारनामा नोंदला गेला तर 'करार'. चावी मिळाली आणि दलालीही जमा झाली, तरच 'पूर्ण'. व्यवहार मोडला तर 'बंद', आणि नोंदीत कारण: बजेट बसलं नाही, कर्ज नाकारलं, दुसरीकडे घेतलं. हे आठ शब्द ड्रॉपडाउनमध्ये घालून ठेवले की 'भेट झाली', 'व्हिजिट', 'बघून गेले' अशी एकाच टप्प्याची तीन नावं होत नाहीत.

दुसरा नियम तारखेचा. टप्पा 'पूर्ण' किंवा 'बंद' नसेल तर पुढची तारीख रिकामी सोडायची नाही, आणि तारखेसमोर काम लिहायचं. 'फॉलोअप' हे काम नव्हे. 'बँकेनं किती कर्ज मंजूर केलं ते विचारणे' हे काम.

एक व्यवहार कल्पून पाहू. सोमवार, १८ ऑगस्ट २०२५ रोजी धायरीतल्या ६२ लाखांच्या टूबीएचकेसाठी पोर्टलवरून चौकशी आली. त्याच दिवशी फोन झाला, बजेट ६० लाखांपर्यंत आहे असं कळलं. टप्पा 'बोलणं', पुढची तारीख रविवार २४ ऑगस्ट, काम: फ्लॅट दाखवणे. फ्लॅट आवडला, टप्पा 'भेट' झाला. पण बुधवारी गणपती बसणार होते. दोन दिवसांनी फोन करून काही हाती लागलं नसतं. म्हणून एजंटानं अनंत चतुर्दशीनंतरचा दिवस, ७ सप्टेंबर लिहिला. त्या दिवशी ग्राहकानं ५८ लाख सांगितले. टप्पा 'ऑफर'. दोन दिवसांत ५९ लाखांवर एकमत झालं, पण टोकनचं नाव काढताच उत्तर आलं, "पितृपक्ष संपू दे."

इथे कच्चा एजंट रोज फोन करून ग्राहकाला वैताग आणतो, नाहीतर पंधरा दिवस विसरून जातो. पत्रकात दोन कामं लागोपाठ बसतात. १५ सप्टेंबरला विक्रेत्याकडून सोसायटीचं ना-हरकत पत्र, शेअर सर्टिफिकेट आणि जुन्या कराराची इंडेक्स टू मिळवणे. ते झालं की त्याच रकान्यात २२ सप्टेंबर, घटस्थापना, टोकन. कागद आधीच हातात असल्यानं टोकन मिळालं त्याच दिवशी ते ग्राहकाच्या बँकेकडे गेले. ९ ऑक्टोबरला करार नोंदला गेला. दसऱ्याच्या आसपासची सुट्टी आणि दिवाळी यांच्या मधली ही तारीख टोकनच्या दिवशीच पत्रकात लिहिलेली होती. रक्कम ५० लाखांच्या वर असल्यानं खरेदीदारानं एक टक्का टीडीएस कापायचा असतो, त्याची आठवणही 'पुढचं काम' या रकान्यात आली.

रोज सकाळी साठ ओळी चाळायच्या नाहीत. मुख्य पानाला 'लीड' नाव द्यायचं आणि दुसऱ्या पानाच्या पहिल्या चौकोनात हे सूत्र टाकायचं. पुढची तारीख आठव्या, म्हणजे एच रकान्यात आहे असं यात धरलं आहे.

```
=SORT(FILTER('लीड'!A2:J,'लीड'!H2:H<>"",'लीड'!H2:H<=TODAY()),8,TRUE)
```

आजची आणि राहून गेलेली कामं, सर्वांत जुनं वर, अशी यादी तयार होते. काहीच बाकी नसेल तर तिथे #N/A दिसतं. ज्या चालू ओळीत तारीख टाकायची राहिली, ती रंगवण्यासाठी कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे सूत्र:

```
=AND($F2<>"",$F2<>"पूर्ण",$F2<>"बंद",$H2="")
```

एक खोड मात्र माहीत हवी. शीटची सेटिंग अमेरिकेची असेल तर २२/०९/२०२५ ही तारीख म्हणून ओळखलीच जात नाही, नुसता मजकूर राहते. तो ग्राहक सकाळच्या यादीत कधीच येत नाही, आणि चूक झाल्याचा इशाराही मिळत नाही. त्याहून वाईट म्हणजे ०७/०९ ही सात सप्टेंबरऐवजी नऊ जुलै होऊन बसते. ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख आपोआप चौकोनाच्या उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या. फाइल मेन्यूतल्या सेटिंग्जमध्ये लोकेल 'इंडिया' केलं की पुढच्या नोंदी सरळ होतात. आधीच्या तारखा मात्र एकदा हातानं तपासाव्या लागतात.

मोबाईल क्रमांक सगळीकडे दहा आकडीच लिहावा. एकच कुटुंब नवऱ्याच्या नंबरवरून पोर्टलवर आणि बायकोच्या नंबरवरून वॉचमनमार्फत येतं, हे पत्रक आपण होऊन पकडणार नाही. ते नाव आणि नोंद वाचूनच कळतं. शीटची लिंक 'लिंक असलेल्या कोणालाही' उघडी ठेवली तर ग्राहकांचे सगळे नंबर शेजारच्या एजंटाच्या हाती जायला एक फॉरवर्ड पुरतो.

महिन्याच्या शेवटी टप्प्यांची मोजणी केली की पत्रक आणखी एक गोष्ट दाखवतं. वीस जण 'भेट'वर आणि 'ऑफर'वर एकही नाही, असं असेल तर फोन कमी पडलेले नाहीत. एकतर बजेटबाहेरचे फ्लॅट दाखवले जात आहेत किंवा विक्रेत्यानं भाव चढा लावला आहे. 'चौकशी'वरच तीस जण अडकले असतील तर पहिला फोन उशिरा होतोय का, हे चौकशीची तारीख आणि टप्पा बदलल्याची तारीख यांतल्या अंतरावरून कळतं. पोर्टलवरची तीच चौकशी एकाच वेळी अनेक एजंटांकडे गेलेली असू शकते, त्यामुळे हे अंतर दिवसांत नाही, तासांत असायला हवं.