काम झाल्यावर येणारा ‘कमी करा’चा फोन

कोल्हापूरच्या एका मसाला उद्योजकाने पुण्यातल्या डिझायनरकडून बारा पाकिटांचं डिझाइन करून घेतलं, असं समजू. ठरलेली फी 90,000 रुपये. अर्धी आगाऊ, उरलेली फाइल्स मिळाल्यावर तीस दिवसांत. 3 जूनला फाइल्स पोहोचल्या, छपाई झाली, माल दुकानांत लागला. 28 जूनला फोन येतो, “मॅडम, काम झकास झालंय, पण तेवढं वीस हजार कमी करा की.”

अशा वेळी अनेकजण अवघडून जातात आणि फोनवरच “बरं, दहा कमी करते” म्हणून मोकळे होतात. काहीजण चिडतात. दोन्ही उत्तरं घाईची आहेत, कारण समोरचा कमी का करायला सांगतोय हे अजून कळलेलंच नाही. कामात खरी खोट असेल, पैशांची चणचण असेल किंवा ती निव्वळ घासाघीस असेल. तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत.

म्हणून फोनवर आकडा बोलू नये. “विचार करून लिहून कळवते” एवढं पुरे. मग त्याच दिवशी ईमेल करावा: “अंतिम 45,000 रुपयांपैकी 20,000 कमी करण्याबद्दल आपण आज बोललात. कोणत्या पाकिटाच्या कामात काय कमी वाटलं, ते कृपया लिहून कळवा. पैशांची तात्पुरती अडचण असेल तर हप्त्यांचं बोलू.”

समजा उत्तर आलं, की दोन पाकिटांवरचा बारकोड इतका बारीक आहे की दुकानातलं यंत्र तो वाचतच नाही. ही खरी खोट आहे. ती विनामूल्य दुरुस्त करून द्यावी आणि कपात करायचीच तर तेवढ्याच पाकिटांपुरती करावी. दर पाकिटामागे 7,500 रुपये पडतात, म्हणजे वाद फार तर 15,000 रुपयांचा आहे, सगळ्या कामाचा नाही. चणचण असेल तर रक्कम तीच ठेवून 15,000 चे तीन हप्ते, तारखांसकट लिहून घ्यावेत.

उत्तरात नेमकं काहीच नसेल, तर ती घासाघीस. तिला नम्रपणे नकार देणंच रास्त. भाव ठरवताना रक्कम कमी करायला सांगितली असती तर तीन पाकिटं वगळता आली असती. आता सगळी कामं करून झाली आहेत, वगळायला काही उरलेलं नाही.

या नकाराला कायद्याचंही बळ आहे. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्यानुसार, काम मिळाल्यापासून 15 दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही तर त्याने ते स्वीकारलं असं मानतात. इथे ती मुदत 18 जूनलाच संपली. लेखी करारात कितीही मुदत लिहिली तरी स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बँक दर 6 टक्के असेल तर 18 टक्के. हा आधार सूक्ष्म आणि लघु व्यावसायिकांना मिळतो. त्यासाठीची ‘उद्यम’ नोंदणी मोफत आहे, पण ती काम स्वीकारण्याआधीच करून ठेवावी. नंतर केलेली नोंदणी वादात टिकेलच असं नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र वेगळाच आहे. उद्योजकाने 25,000 रुपये पाठवून सोबत ‘हिशोब पूर्ण’ असा संदेश टाकला आणि डिझायनरने “मिळाले, धन्यवाद” लिहिलं, तर उरलेले वीस हजार गेलेच समजा. 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 63 मध्ये याचंच उदाहरण दिलं आहे: 5,000 रुपये येणं असलेल्याने पूर्ण देणं फिटलं असं मानून 2,000 स्वीकारले, तर सगळं कर्ज संपतं. म्हणून पोच देतानाच लिहावं: “25,000 अंशतः मिळाले, 20,000 बाकी.” नातं टिकवण्यासाठी सवलत द्यावीशी वाटली, तर ती मुदतीला बांधावी: 10 जुलैपर्यंत 40,000 जमा झाले तर 5,000 माफ, नाहीतर पूर्ण 45,000 देय. जीएसटीचं बिल आधीच दिलं असेल तर क्रेडिट नोटबद्दल सीएला विचारून मगच आकडा कळवावा.

तरीही पैसे आले नाहीत, तर नोंदणीकृत व्यावसायिकाला राज्याच्या सुविधा परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. कायद्यात निकालासाठी 90 दिवस सांगितले आहेत, प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ जाऊ शकतो. त्यामुळे वीस हजारांसाठी आधी व्याजाच्या हिशोबासह नोटीस पाठवावी आणि उद्योजकाचं पुढचं काम बाकी चुकती झाल्यावरच हाती घ्यावं.