कोणत्याही यादीत नसलेली माणसे

हेरॉइनचे व्यसन काही जण उपचार न घेताच सोडतात. ते कसे सोडतात, हे जाणून घेण्यासाठी पॅट्रिक बिएर्नाकी आणि डॅन वॉल्डॉर्फ या संशोधकांना अशी माणसे हवी होती. पण उपचारच घेतले नसल्याने त्यांची नोंद दवाखान्यात नव्हती, आणि शेजाऱ्यांनाही जुने व्यसन ठाऊक असेलच असे नव्हते. यादीच नसल्यावर चिठ्ठ्या टाकून नावे काढणार कशी?

अशा वेळी दोन पद्धती एकत्र वापरतात. पहिली सहेतुक निवड. कोणाशी बोलायचे याचे निकष आधीच ठरवायचे: व्यसन खरोखर जडलेले होते का, ते सुटून किती काळ लोटला, उपचार घेतले होते का. शिवाय स्त्री-पुरुष, तरुण-वयस्क, नोकरदार-बेकार असे वेगवेगळ्या परिस्थितीतले लोक मुद्दाम शोधायचे. दुसरी पद्धत स्नोबॉलची, म्हणजे ओळखीतून ओळख. मुलाखत दिलेली व्यक्ती आपल्यासारख्या आणखी कोणापर्यंत निरोप पोहोचवते. त्या माणसाचे नाव संशोधकाने परस्पर घ्यायचे नसते. तयारी असेल तर तो स्वतः संपर्क साधतो.

वाचायला हे सोपे वाटते, पण साखळी आपोआप वाढत नाही. बिएर्नाकी आणि वॉल्डॉर्फ यांनी १९८१ साली आपल्या अडचणी सविस्तर मांडल्या. पहिला माणूस मिळवणेच अवघड असते. आलेला माणूस निकषात बसतो की नाही, हे इतरांकडून पडताळावे लागते. आणि एकच साखळी लांबत गेली, तर एकाच टोळक्याची कहाणी पुन्हा पुन्हा ऐकू येते. ‘आता नवीन काही सांगितले जात नाही’ असे तेव्हा वाटते खरे, पण संपलेला असतो तो विषय नव्हे, ते टोळके. म्हणून कोणी कोणाला आणले याचा तक्ता ठेवायचा आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या ठिकाणांहून नव्या साखळ्या सुरू करायच्या.

तरीही काही माणसे सुटतातच. ज्यांचा गोतावळा मोठा, ते साखळीत सहज सापडतात. व्यसन सोडताना ज्यांनी जुन्या मित्रांशी संबंधच तोडले, त्यांच्यापर्यंत निरोप पोहोचत नाही. या विषयात तर नेमकी तीच माणसे महत्त्वाची असतात. पुन्हा व्यसनाकडे वळलेले आणि मरण पावलेले निकषामुळेच बाहेर राहतात.

बिएर्नाकी यांच्या १९८६ च्या पुस्तकाचा आधार अशा १०१ जणांच्या मुलाखती आहेत. उपचारांविना व्यसन सुटू शकते आणि ते कोणत्या वाटांनी सुटते, हे त्यांवरून म्हणता येते. शंभरातल्या किती जणांचे सुटते, हे मात्र म्हणता येत नाही. कारण एकूण किती जणांनी प्रयत्न केला हा आकडाच हाती नसतो, आणि मुलाखतींची संख्या वाढवल्याने तो मिळतही नाही. हे निष्कर्ष दुसऱ्या शहराला लागू करायचे, तर तिथले कायदे, नशेचा पदार्थ आणि कुटुंबव्यवस्था कितपत सारखी आहे, हे वाचणाऱ्याने ताडून पाहावे लागते. त्यासाठी मुलाखती कोणाच्या, कुठून आणि कोणत्या साखळीतून मिळाल्या, हे अहवालात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.