कालनिर्णयचं पान उलटण्याआधीचे सात दिवस

घराघरांत बिलांच्या तारखा अजूनही भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवतात. दुधाचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, विम्याचा हप्ता, सगळं त्याच चौकटीत. या पद्धतीत एक अडचण आहे, ती महिन्याच्या २५ तारखेनंतर जाणवते. नोकरदार घराचे सर्वांत जास्त पैसे महिन्याच्या पहिल्या पाच-सहा दिवसांत जातात. कर्जाचा हप्ता, एसआयपी, कार्डाचं बिल, कामवाल्या मावशींचा पगार. आणि २८ तारखेला भिंतीवर पाहिलं, तर हे सगळे दिवस पुढच्या पानामागे असतात. समोर दिसतात ते महिन्याचे उरलेले दोन-तीन मोकळे चौकोन.

पुण्यातल्या आमच्या थोरल्या वहिनींनी यावर काढलेला तोडगा मी दर शनिवारी चहाच्या वेळी जवळून पाहतो. त्यांनी गूगल शीट्समध्ये घरच्या सगळ्या बिलांची एक यादी केली आहे. पुढच्या सात दिवसांत जे भरायचं, ती ओळ आपोआप पिवळी होते. महिना कुठला, पान कुठलं, याच्याशी शीटला देणंघेणं नाही. ती आजपासून पुढे मोजते.

ओळीत सात रकाने आहेत: बिलाचं नाव, मूळ तारीख, देय तारीख, करायची तारीख, रक्कम, स्थिती आणि खातं. यातला ‘करायची तारीख’ हा रकाना वहिनींचा स्वतःचा, आणि सगळी गंमत त्यातच आहे. रंग देय तारखेवरून ठरत नाही, करायच्या तारखेवरून ठरतो.

याचं कारण वीजबिलावरून चटकन कळतं. महावितरणच्या बिलावर तीन आकडे असतात. बिल निघाल्यापासून सात दिवसांत भरलं, तर कर-शुल्क सोडून बाकी रकमेवर एक टक्का सूट. देय तारखेपर्यंत भरलं, तर पूर्ण रक्कम. त्यानंतर सव्वा टक्का विलंब आकार. वहिनींच्या जूनच्या बिलावर ३० जूनपर्यंत १,८२० रुपये, १४ जुलैपर्यंत १,८४० आणि नंतर १,८६० असे आकडे होते. शीटमध्ये देय तारीख १४ जुलै आहे, पण करायची तारीख ३० जून. वीस रुपयांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं मी विचारलं. “अहो भाऊजी, वीस रुपयांचं नाही. चौदा तारखेपर्यंत ते बिल डोक्यात कोण वागवणार?” असं त्या म्हणाल्या.

बँकेतून परस्पर कापल्या जाणाऱ्या हप्त्यांना करायची तारीख म्हणजे एक दिवस आधीची. खात्यात पैसे आणून ठेवायचा तो दिवस. पूर्वी हप्त्याची तारीख रविवारी आली, की कपात सोमवारी व्हायची आणि रविवारचा दिवस हाताशी मिळायचा. १ ऑगस्ट २०२१ पासून ‘नॅच’ची यंत्रणा सुट्टीच्या दिवशीही चालते. त्यामुळे रविवारचा हप्ता रविवारीच जातो, तोही बहुधा सकाळी. पैसे नसले, तर बँक परतीचा आकार लावते आणि कर्ज देणारी संस्था तिचा वेगळा दंड लावते. कार्डाच्या बिलाला वहिनी तीन दिवस आधीची तारीख टाकतात, कारण आपल्या खात्यातून पैसे गेले, तरी तिकडे जमा दिसायला कधी कधी एखादा दिवस लागतो.

रंग देण्याचा नियम शीट्समध्ये ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मध्ये लिहायचा. पिवळ्यासाठी पहिलं सूत्र, लालसाठी दुसरं:

```
=AND($F2="बाकी",$D2>=TODAY(),$D2<=TODAY()+7)
=AND($F2="बाकी",$D2<TODAY())
```

D म्हणजे करायची तारीख, F म्हणजे स्थिती. पैसे भरले, की वहिनी ‘बाकी’च्या जागी ‘भरले’ लिहितात आणि ओळ पांढरी होते. लाल ओळ म्हणजे तारीख उलटली, पैसे राहिले. बारकाईने पाहिलं, तर पहिल्या सूत्रात आजचा दिवस धरून आठ तारखा येतात. ते मुद्दाम केलं आहे. शीट दर शनिवारी उघडायची, तर पुढच्या शनिवारी करायचं कामही आजच दिसायला हवं, नाहीतर ते त्याच दिवशी सकाळी समोर येऊन उभं राहील.

२८ जून २०२५ हा असाच शनिवार. त्या दिवशी पाच ओळी पिवळ्या होत्या. वीजबिल १,८२०. एसआयपी ५,०००, कपात १ जुलैला. विम्याचा सहामाही हप्ता १४,२१०, देय २ जुलै. कार्डाचं बिल ११,३२०, देय ३ जुलै. आणि घराच्या कर्जाचा हप्ता २४,६००, कपात ५ जुलैला. भिंतीवरच्या जूनच्या पानावर यातलं फक्त वीजबिल दिसलं असतं. पाचांची बेरीज ५६,९५०.

पण नुसत्या बेरजेने काम भागत नाही, कारण या घरात खाती दोन आहेत. पगार एका खात्यात येतो. एसआयपी आणि कर्जाचा हप्ता मात्र जुन्या खात्यातून जातो, कर्ज काढताना तेच खातं होतं म्हणून. म्हणून वहिनी खात्यानुसार बेरीज करतात:

```
=SUMIFS(E:E,F:F,"बाकी",G:G,"जुने",D:D,">="&TODAY(),D:D,"<="&TODAY()+7)
```

उत्तर आलं २९,६००. जुन्या खात्यात त्या दिवशी ६,१०० होते. एसआयपी सुखरूप गेली असती, पण नंतर उरलेल्या ११०० रुपयांत २४,६०० चा हप्ता बसणार नव्हता. कमी पडत होते २३,५००. पगार ३० जूनला येणार होता, म्हणून वहिनींनी ३० तारखेच्या नावाने सहावी ओळ टाकली: ‘जुन्या खात्यात २५,००० पाठवणे’. हे कुठल्याही कंपनीचं बिल नाही, त्याचा एसएमएस येणार नाही, पण हप्ता अडला असता तो इथेच. वीजबिल त्यांनी तिथेच चहा पिता पिता भरलं. विमा आणि कार्ड पगारानंतरसाठी ठेवलं.

विम्याचा हप्ता पुढे ढकलता आला असता का? आला असता. वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्यांना आयुर्विम्यात तीस दिवसांची सवलतीची मुदत असते, मासिक हप्त्याला पंधरा दिवसांची, आणि त्या मुदतीत पॉलिसी चालू राहते. आरोग्य विम्यात मात्र वर्षाचा हप्ता एकदम भरणाऱ्याला तीच मुदत वेगळी पडते. पॉलिसी नूतनीकरणासाठी जिवंत धरतात, पण मधल्या दिवसांत दवाखान्यात भरती झाली, तर तो खर्च मिळत नाही. म्हणून शीटमध्ये सवलतीची मुदत कुठेही लिहायची नाही, असा वहिनींचा दंडक आहे. ती दिसली, की माणूस तिलाच खरी तारीख धरून बसतो.

अशी शीट बिघडते ती गाजावाजा न करता. पहिला बिघाड तारखेच्या रूपाचा. एखाद्याने रकान्यात ‘5 जुलै’ असं हाताने लिहिलं, तर शीटच्या लेखी ती तारीख नसते, नुसता मजकूर असतो. आणि तुलना करताना मजकूर हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा धरला जातो. म्हणजे ती ओळ ना पिवळी होणार, ना लाल. कायम पांढरी राहणार. हे ओळखायची खूण सोपी आहे: खरी तारीख चौकोनात उजव्या कडेला चिकटते, मजकूर डाव्या. शीटचं लोकेल भारत नसून अमेरिका असेल, तर 05/07 म्हणजे ५ जुलै न राहता ७ मे होतो. तारीख अशी मागे गेली, तर ही चूक मात्र ओळ लाल होऊन स्वतःच ओरडते.

दुसरा बिघाड पुढच्या महिन्याची तारीख काढताना होतो. त्यासाठी EDATE हे सूत्र सोयीचं आहे. पण आधीच्या तारखेवरून पुढची, तिच्यावरून त्यापुढची, असं केलं, की ३१ जानेवारीवरून २८ फेब्रुवारी येते आणि तिथून २८ मार्च. महिनाअखेरचं भाडं तेव्हापासून कायमचं २८ तारखेला जाऊन बसतं. म्हणून दुसऱ्या रकान्यात मूळ तारीख जपून ठेवायची आणि प्रत्येक वेळी तिच्यापासूनच महिने मोजायचे. `=EDATE($B2,2)` लिहिलं, की ३१ मार्च बरोबर येते.

तिसरा बिघाड सर्वांत वाईट, कारण तो हुशारीतून येतो. काही जण देय तारीख TODAY() ला बांधतात, म्हणजे तारीख उलटली, की ओळ आपोआप पुढच्या महिन्यावर जाते. दिसायला सुबक. पण बिल भरायचं राहिलं असेल, तरी ती पुढे सरकते आणि थकबाकी लाल व्हायच्या आत नाहीशी होते. वहिनींच्या शीटमध्ये तारीख स्वतःहून सरकत नाही. ‘भरले’ लिहिल्यावर त्या खाली नवी ओळ टाकतात आणि जुनी तशीच ठेवतात. गेल्या जूनचं वीजबिल किती आलं होतं, हेही त्यामुळे सापडतं.

सात दिवसांची पट्टी सगळ्यालाच पुरते असं नाही. महापालिकेचा मिळकतकर, गाडीचा विमा, आरोग्य विमा या वर्षातून एकदा येणाऱ्या गोष्टींना रक्कम मोठी लागते आणि कधी कागदपत्रंही. त्या ओळींना वहिनींनी TODAY()+30 चा वेगळा फिकट निळा नियम लावला आहे. आणि शीटला न सांगितलेलं बिल तिला कधीच दिसणार नाही, यावर त्यांचा उपाय साधा आहे. एप्रिलमध्ये दोन्ही खात्यांची वर्षभराची स्टेटमेंटं काढायची, दरमहा किंवा दरवर्षी ज्या नावाने पैसे जातात त्या नोंदींवर खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेसमोर शीटमधली ओळ शोधायची. यंदा एका ओटीटीच्या वार्षिक वर्गणीचं नाव शीटमध्ये सापडलं नाही. घरात ते कोणी बघतही नव्हतं. ती ओळ टाकण्याऐवजी वहिनींनी बँकेच्या अ‍ॅपमधून त्याचा मँडेटच रद्द केला.