जुन्या ग्राफिक्स कार्डची पेस्ट आणि पॅड : कधी बदलावे, कसे बदलावे

ग्राफिक्स कार्डाच्या मुख्य चिपवर थर्मल पेस्ट असते आणि तिच्या भोवतीच्या मेमरी चिपांवर थर्मल पॅड असतात. दोन्हींचे काम एकच, चिप आणि हीटसिंक यांच्या मधल्या फटीत हवा राहू न देणे. फरक फटीच्या आकाराचा आहे. मुख्य चिप हीटसिंकला जवळजवळ टेकलेली असते, त्यामुळे तिथे मिलिमीटरच्या काही शतांश जाडीचा पेस्टचा थर पुरतो. मेमरीच्या चिपा आणि व्होल्टेज पुरवणारे भाग मात्र मुख्य चिपपेक्षा बुटके असतात. त्यांच्या आणि हीटसिंकच्या मध्ये एक ते दोन-तीन मिलिमीटरची फट राहते आणि ती मऊ पॅडने भरावी लागते. कार्डाची दुरुस्ती बिघडते ती बहुतेकदा हा फरक लक्षात न घेतल्यामुळे.

पेस्ट दोन प्रकारे निकामी होते. एक म्हणजे ती सुकते. दुसरा प्रकार कमी ओळखीचा, पण जास्त आढळणारा. खेळ सुरू झाला की चिप तापते, बंद झाला की निवते. प्रत्येक वेळी चिप आणि तिच्यावरचा धातू वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, चिप किंचित वाकते, आणि मधली पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते. शेकडो वेळा असे झाले की चिपच्या मध्यावर पेस्ट विरळ होते आणि कडेला तिचा वरंबा दिसतो. पॅडचे दुखणे वेगळे आहे. त्यातले सिलिकॉन तेल झिरपून बाहेर येते, पॅड ताठर होतो आणि हात लावताच त्याचा भुगा पडतो. कार्डावर दिसणारे तेलकट डाग याच तेलाचे असतात. ते वीजवाहक नसल्यामुळे त्यांची भीती नाही, मात्र पॅडचे वय झाल्याची ती खूण आहे.

कार्ड उघडायचे की नाही हे वयावरून ठरत नाही, तापमानाच्या नोंदींवरून ठरते. त्यासाठी `HWiNFO64` हा मोफत प्रोग्राम पुरतो. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी त्यात तीन ओळी पाहाव्यात : `GPU Temperature`, `GPU Hot Spot Temperature` आणि `GPU Memory Junction Temperature`. तिसरी ओळ सगळ्या कार्डांवर दिसत नाही. जीडीडीआर६एक्स मेमरी असलेल्या आरटीएक्स ३०८० किंवा ३०९० वर ती असते, ३०७० वर नसते.

यांपैकी पहिल्या आकड्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, आणि तोच सर्वांत कमी सांगतो. पेस्ट मध्यावरून सरकली तरी तो आकडा दोन-चार अंशांनीच वाढतो. चिपवर अनेक ठिकाणी सेन्सर असतात आणि हॉटस्पॉट म्हणजे त्यांतला सर्वांत तापलेला बिंदू. पेस्टचा थर असमान झाला की हा बिंदू बाकीच्यांपासून दूर पळतो. एनव्हिडियाच्या कार्डांवर पूर्ण भाराखाली पहिला आकडा आणि हॉटस्पॉट यांच्यात दहा-पंधरा अंशांचा फरक नेहमीचा. तो वीस-पंचवीसच्या पुढे गेला असेल तर पेस्टचा किंवा हीटसिंकच्या दाबाचा दोष संभवतो. एएमडीच्या कार्डांवर मुळातच फरक जास्त असतो, म्हणून तिथे हा मापदंड सैल धरावा.

मोजणी शिस्तीने झाली नाही तर आकडे फसवतात. पंख्याचा वेग आपोआप बदलू दिला तर बिघडलेली पेस्ट जास्त आवाजाच्या आड लपते. म्हणून पंखा एका ठरावीक वेगावर, समजा सत्तर टक्क्यांवर बांधावा, एकच चाचणी वीस मिनिटे चालवावी आणि खोलीचे तापमान लिहून ठेवावे. खोली जितक्या अंशांनी तापते तितकेच अंश साधारणपणे कार्डाच्या आकड्यात मिळतात. नागपुरात मे महिन्यात खोली ३८ अंशांवर असेल आणि जानेवारीत २२ वर, तर १६ अंशांचा फरक नुसत्या ऋतूचा. उन्हाळ्यात कार्ड ‘बिघडल्याच्या’ तक्रारी वाढतात, त्यांतल्या कित्येक अशाच असतात. हॉटस्पॉटचा फरक मात्र ऋतूप्रमाणे फारसा बदलत नाही, म्हणून तोच विश्वासाचा.

एक उदाहरण धरू. आरटीएक्स ३०८० हे २०२० साली आलेले कार्ड, दहा जीबी मेमरीचे, ३२० वॅट खाणारे. ते जुन्या बाजारातून घेतले आहे आणि आधीच्या मालकाने त्यावर इथेरियमचे मायनिंग केले असावे, असा संशय आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचे मायनिंग बंद झाले आणि अशी पुष्कळ कार्डे विक्रीला निघाली. मायनिंगचा भार मुख्यतः मेमरीवर पडतो, त्यामुळे या कार्डांत पेस्टपेक्षा पॅड आधी थकलेले असू शकतात. समजा, ३० अंशांच्या खोलीत चिप ७८, हॉटस्पॉट १०३ आणि मेमरी १०८ दाखवते. ही मेमरी ११० च्या आसपास पोचली की स्वतःचा वेग कमी करते. इथे दोन्ही दोष आहेत आणि कार्ड उघडणे योग्य आहे.

खरेदीला निघाल्यावर पहिला मोह वाहकतेच्या आकड्याचा होतो. पॅडच्या पाकिटावर ६, १२, १५ असे आकडे असतात, एकक वॅट प्रति मीटर-केल्विन. ते किती महत्त्वाचे हे साध्या हिशेबाने कळते. मेमरीची एक चिप १४ मिमी × १२ मिमी, तिच्यातून बाहेर पडणारी उष्णता ३ वॅट आणि पॅड दीड मिलिमीटरचा धरला, तर ६ वाहकतेच्या पॅडच्या दोन बाजूंत सुमारे साडेचार अंशांचा फरक राहतो आणि १२ च्या पॅडमध्ये सव्वादोन अंशांचा. दुप्पट चांगल्या पॅडने वाचतात ते सव्वादोन अंश. आता पॅड थोडा कमी जाडीचा निघाला आणि एक दशांश मिलिमीटर हवा मध्ये राहिली असे धरू. त्याच हिशेबाने एकट्या हवेच्या थराला जवळपास सत्तर अंशांचा फरक लागेल. प्रत्यक्षात तेवढा होत नाही, कारण उष्णता सर्किट बोर्डातून दुसरी वाट काढते, पण कशाची चिंता करायची ते यातून स्पष्ट होते. भारी पॅड चुकीच्या जाडीचा घेण्यापेक्षा मध्यम पॅड बरोबर जाडीचा घेणे कधीही बरे. शिवाय जास्त वाहकतेचे पॅड अनेकदा कडक असतात आणि ते नीट दबत नाहीत.

उलट बाजूची चूक जास्त घातक. पॅड जाड झाला तर हीटसिंक चारी बाजूंनी उचलला जातो आणि मुख्य चिपवर दाबच येत नाही. मेमरी थंड होते, हॉटस्पॉट मात्र आधीपेक्षा वर जातो. स्क्रू आणखी आवळून ते जुळवू पाहिले तर बोर्ड वाकतो.

म्हणून जाडी आधी शोधावी. एकाच नावाच्या कार्डात निरनिराळ्या कंपन्यांचे हीटसिंक वेगळे असतात, आणि एकाच कार्डावर मेमरीचे पॅड व व्होल्टेज भागाचे पॅड वेगवेगळ्या जाडीचे असू शकतात. ‘३०८० चे पॅड’ असे काही नसते. जुना पॅड मोजायचा तर चिपच्या बाहेर राहिलेली, न दबलेली कड व्हर्नियर कॅलिपरने हलकेच धरावी. दबलेला भाग कमी भरतो. जाडी ठरतच नसेल तर पॅडऐवजी थर्मल पुटी वापरावी. ती कणकेसारखी मऊ असते, फट जेवढी असेल तेवढीच भरते आणि दाब अंगावर घेत नाही. नंतर पुसताना ती त्रास देते, एवढाच तिचा दोष.

कार्ड काढण्याआधी दहा मिनिटे चालवून कोमट करावे, म्हणजे पेस्ट मऊ पडते. वीज बंद करून कार्ड बाहेर काढल्यावर मागचे स्क्रू सोडवावेत. चिपच्या मागचे चार स्क्रू स्प्रिंगचे असतात आणि ते कर्णाच्या क्रमाने थोडेथोडे सैल करायचे असतात. हीटसिंक ओढायचा नाही, किंचित डावी-उजवीकडे फिरवत मोकळा करायचा. पटकन उचलला तर पंख्याच्या आणि दिव्यांच्या बारीक तारा ताणून तुटतात. जोड काढताना वायर धरायची नाही, प्लास्टिकचे टोपण नखाने सरकवायचे. जुने पॅड काढण्याआधी फोटो घेऊन ठेवावा, कारण कोणता पॅड कुठे होता हे नंतर आठवत नाही. सफाईला नव्वद टक्क्यांहून जास्त तीव्रतेचे आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड हवे. मुख्य चिपच्या भोवती असलेले बारीक कपॅसिटर खरवडले जाऊ नयेत, म्हणून तिथे धातूचे हत्यार नको.

प्रोसेसरवर पेस्टचा थेंब चालतो, इथे चालत नाही. ग्राफिक्सची चिप उघडी असते, वर धातूची टोपी नसते. एखादा कोपरा कोरडा राहिला तर तिथेच हॉटस्पॉट तयार होतो. पेस्ट पूर्ण चिपवर पातळ पसरावी आणि थोडी जास्त झाली तरी हरकत नाही, ती वीजवाहक नसेल तर बाहेर आल्याने काही बिघडत नाही. फार पातळ पेस्ट लवकर बाहेर ढकलली जाते, म्हणून घट्ट प्रकार निवडावा. हनीवेलचा पीटीएम ७९५० हा त्याहून टिकाऊ पर्याय आहे. तो पातळ पत्र्याच्या रूपात येतो, सुमारे ४५ अंशांवर वितळून पसरतो आणि सहसा ढकलला जात नाही. तो चिकट असल्यामुळे वरची फिल्म सुटत नसेल तर थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावा. काही वेळा तापून निवल्याशिवाय तो नीट बसत नाही, त्यामुळे पहिल्या चाचणीवरून निकाल देऊ नये. द्रवधातू मात्र घरच्या कामात टाळावा. त्यातले गॅलियम अॅल्युमिनियम खाते आणि सांडले तर कार्ड जाते.

जोडणी पूर्ण झाल्यावर एकदा पुन्हा उघडून पाहणे, हा सर्वांत जास्त टाळला जाणारा आणि सर्वांत उपयोगी टप्पा. प्रत्येक पॅडवर चिपचा आयत स्पष्ट उमटलेला हवा आणि मुख्य चिपवर पेस्ट सगळीकडे सारखी पातळ दिसायला हवी. पेस्टचा जाड थर तसाच राहिला असेल तर कुठला तरी पॅड जाड आहे. उमटलेला आयत नसेल तर तो पॅड कमी पडतो आहे. पेस्ट पुसून पुन्हा लावावी, मग स्क्रू कर्णाच्या क्रमाने आवळावेत.

वरच्या उदाहरणात काम नीट झाले तर त्याच खोलीत, त्याच पंख्याच्या वेगावर चिप ७४, हॉटस्पॉट ८६ आणि मेमरी ९० च्या आसपास येणे वाजवी आहे. खेळातली गती यामुळे फार वाढत नाही. मेमरी स्वतःला आवरत होती तेवढा अडसर जातो, आणि पंख्याचा वेग आपोआप सोडल्यावर आवाज कमी होतो. हीच कमाई.

म्हणूनच काही कार्डे उघडू नयेत. ७५ वॅटचे जीटीएक्स १०५० टीआय ६८ अंशांवर चालत असेल तर पेस्ट कितीही जुनी असली तरी त्यातून काही मिळणार नाही. पडद्यावर रंगीत ठिपके किंवा चौकटी येत असतील तर दोष बहुधा मेमरीत किंवा सोल्डरमध्ये असतो, पेस्टने तो जात नाही. पंखा खरखरत असेल तर पंखाच बदलावा. वॉरंटी शिल्लक असेल तर स्टिकर फाडण्याआधी विक्रेत्याला विचारावे. हॉटस्पॉटचा फरक ठीक आहे पण सगळेच आकडे चढे आहेत, अशा वेळी आधी धूळ झाडावी, मग कॅबिनेटचे झाकण काढून तीच चाचणी घ्यावी. झाकण काढताच आकडे उतरले तर दोष कार्डात नाही, कॅबिनेटमधल्या हवेत आहे. तरीही समाधान नसेल तर व्होल्टेज थोडे कमी करून पाहावे. त्याला स्क्रूड्रायव्हर लागत नाही आणि ते केव्हाही पूर्ववत करता येते.

काम केलेल्या कार्डाची चाचणी महिनाभराने त्याच पद्धतीने पुन्हा घ्यावी. हॉटस्पॉटचा फरक पहिल्या दिवशी बारा होता आणि आता वीस झाला असेल, तर पेस्ट या चिपवर टिकत नाही. तीच पेस्ट पुन्हा लावण्यात अर्थ नाही, पुढच्या वेळी पीटीएमचा पत्रा घ्यावा.