अनुपस्थिती सूचना (कार्यालयीन पत्रव्यवहार)

अनुपस्थिती सूचना म्हणजे कर्मचारी रजेवर असताना त्याच्या पत्त्यावर आलेल्या ईमेलला आपोआप जाणारे छोटे उत्तर. ती व्यक्ती केव्हापर्यंत उपलब्ध नाही, उत्तर केव्हा मिळेल आणि तोवर काम कोणाकडे न्यावे, या तीन गोष्टी त्यात सांगितलेल्या असतात. अनेकदा ही सूचना मित्रांना पाठवायच्या निरोपासारखी लिहिली जाते. मात्र ती वाचणारा बहुधा अनोळखी असतो आणि त्याचे काम अडलेले असते. म्हणून अनौपचारिक मजकुराचे पुनर्लेखन करताना भाषा सभ्य करण्यापेक्षा वाचकाला पुढची कृती कळेल असे लिहिणे महत्त्वाचे ठरते.

## पार्श्वभूमी

कागदी व्यवहारात रजेवर जाणारा कर्मचारी आपला कार्यभार दुसऱ्याकडे सोपवून जात असे. टपाल कार्यालयाच्या नावे येत असल्याने ते कोणीतरी उघडत असे. ईमेल मात्र व्यक्तीच्या पेटीत पडतो आणि ती परत येईपर्यंत तेथेच राहतो. ही अडचण ओळखून एरिक ऑलमन यांनी बर्कली युनिक्स प्रणालीसाठी `vacation` नावाचा प्रोग्राम लिहिला. एकाच व्यक्तीला वारंवार उत्तर जाऊ नये म्हणून तो नेहमीच्या मांडणीत आठवड्यातून एकदाच उत्तर पाठवी. २००४ मध्ये RFC 3834 या दस्तऐवजात स्वयंचलित उत्तरांविषयीच्या शिफारशी एकत्र करण्यात आल्या.

## अनौपचारिक मजकुरातील दोष

पुढील उदाहरण काल्पनिक आहे. एका महाविद्यालयातील लिपिक गणेशोत्सवासाठी कोकणात जात आहेत. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला आहे. त्यांनी लावलेला मजकूर असा :

> नमस्कार मंडळी! बाप्पा येतायत, त्यामुळे मी गावी पळतोय. नेटवर्क मिळालं तर बघतोच, नाहीतर सोमवारनंतर बोलू. फारच अर्जंट असेल तर ऑफिसात कुणालाही विचारा. मोरया!

मंगळवारी, १५ सप्टेंबरला एक विद्यार्थी बोनाफाईड प्रमाणपत्रासाठी त्यांना ईमेल पाठवतो. ते शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडायचे असून अर्जाची मुदत शुक्रवारी, १८ सप्टेंबरला संपते. ‘सोमवारनंतर’ हा शब्द तो वाचतो तेव्हा सोमवार उलटून गेलेला असतो. त्यामुळे आज किंवा उद्या उत्तर येईल असे तो समजतो. लिपिकाच्या मनात मात्र पुढचा सोमवार, म्हणजे २१ सप्टेंबर असतो. ‘नेटवर्क मिळालं तर बघतोच’ या वाक्याने विद्यार्थ्याची आशा आणखी वाढते आणि ‘कुणालाही विचारा’ यातून जाण्याचे ठिकाण कळत नाही. तो शुक्रवारपर्यंत वाट पाहतो आणि त्याची मुदत टळते.

या मजकुरातला मुख्य दोष काळवाचक शब्दांचा आहे. सूचना एका दिवशी लिहिली जाते आणि वेगवेगळ्या दिवशी वाचली जाते. म्हणून ‘उद्या’, ‘पुढच्या आठवड्यात’ हे शब्द निरुपयोगी ठरतात. मराठीत ‘परवा’ हा शब्द मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांसाठी वापरला जातो. ‘१८ तारखेपर्यंत रजा’ असे लिहिल्यास १८ तारीख रजेत धरायची की नाही, हेही संदिग्ध राहते. वार, तारीख आणि वर्ष लिहून त्यापुढे ‘दोन्ही दिवस धरून’ असे जोडल्यास हा संशय उरत नाही. रुजू होण्याची तारीख वेगळी सांगणे आणखी चांगले.

## पर्यायी संपर्काची निवड

सहकाऱ्याचे नाव लिहिण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी लागते आणि तो त्या काळात कामावर असल्याची खात्री करावी लागते. सणासुदीला दोघांच्या रजा एकाच वेळी येतात. अशा वेळी पहिली सूचना वाचणाऱ्याला दुसऱ्याकडे पाठवते आणि दुसऱ्याची सूचना त्याला पुन्हा पहिल्याकडे परत पाठवते.

तिसरी अट अधिकाराची आहे. वरील उदाहरणात पर्यायी व्यक्तीला नोंदवही पाहता आली पाहिजे आणि प्रमाणपत्रावर स्वाक्षरी मिळवता आली पाहिजे. नाहीतर ती केवळ निरोप्या ठरते. सहकाऱ्याच्या खासगी भ्रमणध्वनी क्रमांकाऐवजी कक्षाचा ईमेल पत्ता देणे योग्य, कारण स्वयंचलित उत्तर कोणत्याही अनोळखी व्यक्तीकडे जाऊ शकते. त्याच कारणाने गावाचे नाव, आजाराचा तपशील किंवा सहकुटुंब बाहेर असल्याचा उल्लेख टाळावा. ‘रजेवर’ एवढे कारण पुरेसे असते.

## पुनर्लिखित सूचना

> विषय : १४ ते १८ सप्टेंबर २०२६ रजेवर, विद्यार्थी कक्षाशी संपर्क साधावा
>
> नमस्कार,
>
> मी सोमवार, १४ सप्टेंबर ते शुक्रवार, १८ सप्टेंबर २०२६ (दोन्ही दिवस धरून) रजेवर असून या काळात ईमेल पाहणार नाही. सोमवार, २१ सप्टेंबर रोजी रुजू होईन आणि आलेल्या ईमेलना बुधवार, २३ सप्टेंबरपर्यंत उत्तर देईन.
>
> बोनाफाईड प्रमाणपत्र किंवा गुणपत्रक २३ सप्टेंबरपूर्वी हवे असल्यास कृपया विद्यार्थी कक्षातील वरिष्ठ लिपिकांना `kaksha@example.org` या पत्त्यावर लिहावे. ते १५ ते १८ सप्टेंबर या काळात उपलब्ध आहेत. आपला हा ईमेल त्यांच्याकडे आपोआप जात नाही. म्हणून अर्ज जोडून नव्याने पाठवावा.
>
> कनिष्ठ लिपिक, विद्यार्थी कक्ष

येथे ‘अर्जंट’ या शब्दाऐवजी तारीख आली आहे. काम तातडीचे आहे की नाही, हे आता वाचकाला आपली मुदत त्या तारखेशी ताडून ठरवता येते. रुजू होण्याचा आणि उत्तर देण्याचा दिवस वेगळे ठेवले आहेत, कारण साचलेली पत्रे पहिल्याच दिवशी संपत नाहीत. चतुर्थीच्या दिवशी कार्यालय बंद असल्याने पर्यायी संपर्क १५ तारखेपासून दिला आहे. शेवटच्या वाक्याने एक नेहमीचा गैरसमज दूर होतो : सूचनेत सहकाऱ्याचा पत्ता दिला म्हणून मूळ ईमेल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

## मांडणी आणि मर्यादा

जीमेलमध्ये सूचना पहिल्या दिवशी मध्यरात्री सुरू होते आणि शेवटचा दिवस संपताना थांबते. वरील उदाहरणात लगतचे शनिवार-रविवार धरून १२ ते २० सप्टेंबर या तारखा द्याव्या लागतील. शेवटचा दिवस २१ दिल्यास लिपिक कामावर आल्यावरही दिवसभर ‘रजेवर आहे’ असे उत्तर जात राहील. त्याच व्यक्तीने चार दिवसांनंतर पुन्हा लिहिले, तर जीमेल उत्तर पुन्हा पाठवते. आउटलुकमध्ये संस्थेतील आणि संस्थेबाहेरील लोकांसाठी वेगळा मजकूर ठेवता येतो. त्यातील बाहेरचा मजकूर रिकामा राहिला किंवा तो पर्याय बंद असला, तर सहकाऱ्यांना सूचना मिळते, पण विद्यार्थ्यांना मिळत नाही. म्हणून रजेवर जाण्यापूर्वी संस्थेबाहेरच्या एखाद्या पत्त्यावरून चाचणीचा ईमेल पाठवून पाहावा.

सूचना स्पष्ट होती की नाही, हे परतल्यावर पेटी पाहून कळते. सूचना मिळूनही लोकांनी त्याच पत्त्यावर ‘काही कळले का?’ अशी स्मरणपत्रे पाठवली असतील, तर पर्यायी संपर्क त्यांच्या लक्षात आलेला नसतो. सूचना अचूक असली तरी ती ईमेल पाठवणाऱ्यालाच मिळते. ज्यांच्या कामाची मुदत रजेच्या काळात येते हे आधीच ठाऊक आहे, त्यांना जाण्यापूर्वी स्वतंत्रपणे कळवावे लागते.